उपभोग, उत्पन्न आणि एरर करेक्शन मॉडेल: रेसिड्युअल पास की नापास?

रेघोट्या (धागाकर्ता)

सरावाच्या डेटात १२० तिमाह्यांच्या दोन मालिका आहेत: दरडोई वास्तव उपभोग खर्च आणि दरडोई वास्तव खर्चयोग्य उत्पन्न. दोन्ही हंगामी चढउतार काढून दिलेल्या. दोन्हींचे लॉग घेतले, त्यांना c आणि y म्हणतो. दोन्ही रेषा वर वर जातात, एडीएफ कसोटी दोन्हींत युनिट रूट सांगते आणि एकदा फरक घेतला की दोन्ही स्टेशनरी होतात. इथवर कुठे अडलं नाही.

मग साधं ओएलएस लावलं:

```
c = 0.19 + 0.97 y     R² = 0.997    DW = 0.31
resid ADF = -3.12
```

प्रश्न दोन. एक, स्टेशनरी नसलेल्या मालिकांचे फरक घेऊनच रिग्रेशन करा असं सगळे सांगतात, मग एरर करेक्शन मॉडेलमध्ये पातळ्या परत का येतात? दोन, एडीएफच्या तक्त्यात ५ टक्क्यांची मर्यादा साधारण -२.८९ आहे, म्हणजे माझे रेसिड्युअल स्टेशनरी ठरतात. पण त्याच डेटावर पायथनचं `coint` म्हणतं, ५ टक्क्यांवर कोइंटिग्रेशन नाही. खरं कोणाचं?

---

भोचक

आर-स्क्वेअर ०.९९७! अजून काय हवं राव? दोन्ही हातात हात घालून चालल्यात. कोइंटिग्रेशन म्हणजे हेच ना?

---

ध्रुवपद

@भोचक, हे नव्हे. कोइंटिग्रेशन म्हणजे दोन्ही मालिका कितीही भटकल्या तरी त्यांच्यातली तफावत एका पातळीकडे परत येत राहणं, म्हणजे ती स्टेशनरी असणं. एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन वाढत्या मालिका घ्या, नमुना लांबवत न्या, आर-स्क्वेअर एकाकडे सरकत जाईल. वर जाणारी कुठलीही गोष्ट वर जाणाऱ्या दुसऱ्या गोष्टीला 'समजावून' देते. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये हे संगणकावर करून दाखवलं. त्यांचा ठोकताळा असा की आर-स्क्वेअर जर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा असेल तर संशय घ्या. इथे ०.९९७ विरुद्ध ०.३१, म्हणजे संशयाला जागा आहे.

पण संशय म्हणजे निकाल नव्हे. डर्बिन-वॉटसन ०.३१ याचा अर्थ रेसिड्युअलचं एका तिमाहीचं ऑटोकोरिलेशन साधारण १ - ०.३१/२, म्हणजे ०.८४५. खोटं रिग्रेशन असेल तर हा आकडा १ च्या अंगाला चिकटतो, तफावत एकदा पडली की परत येत नाही. ०.८४५ असेल तर ती दर तिमाहीला सुमारे १५ टक्क्यांनी आटते. सगळा प्रश्न एवढाच आहे: खरा आकडा १ पेक्षा कमी आहे, की १ च आहे आणि नमुन्यामुळे ०.८४५ दिसतोय?

---

चौकस

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. रेसिड्युअल ही शेवटी एक मालिकाच. तिच्यावर एडीएफ चालवायची, -३.१२ हे -२.८९ च्या खाली आहे, युनिट रूट फेटाळलं, विषय संपला. `coint` आत वेगळे लॅग निवडत असेल, त्यामुळे उत्तर वेगळं येत असेल. लॅग सारखे ठेवून बघा.

---

ध्रुवपद

लॅग सारखे ठेवून बघा हे बरोबर. `coint` स्वतः एआयसीने लॅग निवडतं, त्यामुळे संख्या थोडी हलू शकते. विषय मात्र संपत नाही, कारण तक्ता चुकीचा उघडलाय.

-२.८९ ही मर्यादा तयार मिळालेल्या मालिकेसाठी आहे. रेसिड्युअल तयार मिळालेले नाहीत, ते ओएलएसने घडवलेत. आणि ओएलएस करतं काय? सगळ्या शक्य उतारांमधून तो उतार निवडतं ज्याने रेसिड्युअलचा पसारा सर्वांत कमी होईल. म्हणजे मालिका आधीच जास्तीत जास्त स्टेशनरी दिसेल अशी निवडून आणलेली असते. दोन मालिकांत खरं नातं नसलं तरी अशा रेसिड्युअलवर -३ च्या आसपासचा आकडा बऱ्याचदा येतो. त्यामुळे कसोटी कडक लागते. रेसिड्युअलवरच्या या एंगल-ग्रेंजर कसोटीसाठी दोन मालिका आणि स्थिरांक असताना ५ टक्क्यांची मर्यादा मोठ्या नमुन्यात -३.३४ आहे, १२० निरीक्षणांना सुमारे -३.३९. १० टक्क्यांची सुमारे -३.०८.

तेव्हा -३.१२ हे १० टक्क्यांवर निसटतं पास आणि ५ वर नापास. `coint` चं बरोबर आहे. रेसिड्युअल हातात घेऊन `adfuller` ला दिले की ते बिचारं निमूटपणे -२.८९ चा तक्ता लावतं, त्याला काय माहीत ते कुठून आले.

---

चौकस

ओके, हे पटलं. म्हणजे 'ओएलएसनेच सजवून पाठवलेल्या' मालिकेला वेगळा तक्ता.

---

पाखरू

दोन शेअरच्या भावांवर हेच करता येईल ना? चारशे जोड्या तपासल्या, बावीस जोड्यांत ५ टक्क्यांवर कोइंटिग्रेशन आलं. यातल्या कुठल्या जोडीत तफावत लवकर मिटेल, कसं ओळखायचं?

---

सुपारी

४०० च्या ५ टक्के किती होतात हो? :)

---

पाखरू

२०. अरे देवा.

---

मंदाकिनी_त

पाखरू, वेगळा धागा काढा, इथे उपभोगाचं चाललंय.

रेघोट्या, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. फक्त फरकांचं रिग्रेशन घेतलं तर काय हरवतं ते बघा. 'या तिमाहीत उत्पन्न १ टक्का वाढलं तर उपभोग किती वाढतो' एवढंच ते सांगतं. लोक आधीच उत्पन्नाच्या मानाने जास्त खर्च करत होते की कमी, हे त्याला दिसतच नाही. बचत पार आटलेली असो की साठलेली, फरकांच्या मॉडेलचं भाकीत दोन्ही वेळा सारखंच. असं मॉडेल दहा वर्षं पुढे चालवलं तर उपभोग आणि उत्पन्न एकमेकांपासून कितीही लांब जाऊ शकतात, त्यांना बांधणारं काही नसतं.

एरर करेक्शन मॉडेलमध्ये पातळ्या परत येतात, पण त्यांची तफावत म्हणून. ती तफावत स्टेशनरी असेल तर समीकरणातलं सगळंच स्टेशनरी झालं, मग नेहमीच्या t-कसोट्या चालतात.

आकड्यांत बघू. समजा दीर्घकालीन नातं असं की उपभोग उत्पन्नाच्या ९० टक्के, आणि समीकरण हे:

```
Δc(t) = 0.4 Δy(t) - 0.2 [ c(t-1) - y(t-1) - ln(0.9) ]
```

उत्पन्न १००, उपभोग ९०, कंसातली तफावत शून्य. आता उत्पन्न एकदम ११० झालं आणि तिथेच राहिलं. लॉगमध्ये ही वाढ ०.०९५३. त्याच तिमाहीत उपभोग ०.४ पट, म्हणजे ०.०३८१ ने वाढतो: ९० चा ९३.५. पोचायचं ९९ ला, तर लॉगमध्ये ०.०५७२ ची तूट राहिली. पुढच्या तिमाहीत उत्पन्न हललेलं नाही, पण तुटीचा पाचवा भाग भरला जातो: ९४.६. त्यापुढे ९५.४, मग ९६.१. धक्क्यानंतर तीन तिमाह्यांत तूट ०.०५७२ वरून ०.०२९३ वर, जवळजवळ निम्मी.

०.४ हा लगेचचा परिणाम आणि -०.२ हा भरपाईचा वेग. चिन्ह ऋणच हवं, नाहीतर जास्त खर्च करणारे आणखी जास्त खर्च करत सुटतील.

---

रेघोट्या

हे उदाहरण वहीत उतरवून घेतलं. मग मी हे असंच चालवू का?

```python
z = sm.OLS(c, sm.add_constant(y)).fit().resid
df = pd.DataFrame({"dc": c.diff(), "dy": y.diff(),
                   "z1": z.shift(1)}).dropna()
m = sm.OLS(df["dc"], sm.add_constant(df[["dy", "z1"]])).fit()
```

---

मंदाकिनी_त

सांगाडा बरोबर. `z.shift(1)` विसरून चालू तिमाहीचा `z` टाकणं ही यातली सर्वांत जास्त होणारी चूक, ती तुम्ही टाळलीत. चालू `z` मध्ये चालू `c` बसलेलाच असतो, मग गुणांक धन येतो आणि माणूस दोन दिवस चिन्ह शोधत बसतो. या मॉडेलच्या रेसिड्युअलमध्ये ऑटोकोरिलेशन उरलं तर `dc` आणि `dy` चे एक-दोन लॅग घाला.

---

ध्रुवपद

थांबा. मंदाकिनीताईंच्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे: उत्पन्न ११० वर गेलं आणि *तिथेच राहिलं*. म्हणजे तफावत मिटवायचं काम उपभोगाने एकट्याने करायचं. कोइंटिग्रेशन असलं म्हणजे दोघांपैकी निदान एक तरी तफावतीला प्रतिसाद देतो एवढीच हमी मिळते. तो एक कोण, हे डेटाला विचारावं लागतं.

आणि उपभोगाच्या बाबतीत हा प्रश्न मामुली नाही. लोक पुढचं उत्पन्न ओळखून आज खर्च ठरवत असतील तर उपभोग जवळजवळ रँडम वॉकसारखा वागायला हवा, हा हॉल यांचा १९७८ चा मुद्दा. कॅम्पबेल यांनी १९८७ मध्ये तो पुढे नेला: उत्पन्न घटणार असं लोकांना दिसत असेल तर ते आधीच बचत वाढवतात. म्हणजे आज उपभोग उत्पन्नाच्या मानाने कमी दिसतोय, तर तो उद्या वाढेलच असं नाही, उत्पन्नच खाली येईल. तफावत मिटेल, पण उपभोग जागचा न हलता.

म्हणून दुसरं समीकरणही चालवा. डाव्या बाजूला `dy`, उजवीकडे `z1` आणि दोन्हींचे मागचे फरक. तिथे `z1` चा गुणांक *धन* अपेक्षित आहे. दोन्ही समीकरणांत उजव्या बाजूला सारखेच लॅग ठेवा, `dc` च्या समीकरणातून चालू `dy` काढून टाका, नाहीतर दोन गुणांकांची तुलना होणार नाही.

---

भोचक

दारुडा आणि त्याचा कुत्रा हे घिसंपिटं उदाहरण सगळीकडे देतात. त्यात दोरी कोण ओढतो हे कोणी विचारतच नाही, हे आत्ता लक्षात आलं.

---

मंदाकिनी_त

ध्रुवपद, मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. हॉल यांचं गणित कर्ज सहज मिळणाऱ्या, पुढचं बघणाऱ्या कुटुंबाचं. ज्यांच्या हातात महिन्याअखेर काही उरत नाही त्यांचा खर्च उत्पन्नामागेच धावतो. शिवाय एरर करेक्शनची ही मांडणी गाजली तीच ब्रिटनच्या उपभोगावरच्या १९७८ च्या कामातून, डेव्हिडसन, हेंड्री, स्रबा आणि यिओ यांच्या. तिथे प्रतिसाद उपभोगाच्या समीकरणातच होता. टिकाऊ वस्तू धरल्यात की वगळल्यात यानेही चित्र बदलतं. गाडी आज घेतली की तिचा पूर्ण खर्च आजच्या तिमाहीत पडतो, वापर मात्र कित्येक वर्षं. टिकाऊ वस्तू आत असतील तर `Δc` उड्या मारणारच.

---

रेघोट्या

दोन्ही समीकरणं चालवली, प्रत्येकी एक लॅग. टिकाऊ वस्तू वगळलेल्या आहेत. `z1` चे गुणांक:

```
dc:  -0.06   (t = -1.3)
dy:  +0.10   (t =  2.6)
```

म्हणजे उपभोग जवळपास ढिम्म आणि उत्पन्न हलतंय. मग तफावत अर्धी व्हायला किती तिमाह्या? `ln(0.5)/ln(1-0.06)` केलं तर ११ च्या वर येतं, आणि ध्रुवपद वर म्हणाले दर तिमाहीला १५ टक्के आटते. जुळत नाही.

---

ध्रुवपद

जुळतं. तफावत दोन्ही बाजूंनी मिटते, तुम्ही एकच बाजू मोजलीत. `z = c - 0.97y` आहे, तेव्हा एका तिमाहीनंतर शिल्लक:

```
1 - 0.06 - 0.97 × 0.10 = 0.843
ln(0.5) / ln(0.843) ≈ 4.1
```

चार तिमाह्या. आणि ०.८४३ हे डर्बिन-वॉटसनवरून काढलेल्या ०.८४५ च्या शेजारीच बसलं. लॅगमधले फरक सोडून दिल्यामुळे हा अंदाजच, पण ताळा म्हणून चांगला. उपभोगाच्या एका समीकरणावरून 'समायोजनाला ११ तिमाह्या लागतात' असं लिहिलं असतं तर ते सपशेल चुकलं असतं.

यातून आणखी एक निघतं. उत्पन्न स्वतःच तफावतीला प्रतिसाद देतंय, तेव्हा ते बाहेरून आलेलं मानून एकट्या उपभोगाचं समीकरण चालवणं इथे टिकत नाही. दोन्ही एकत्र चालवा, `VECM` वापरा.

---

सुपारी

पण मुळात कोइंटिग्रेशन ५ टक्क्यांवर नापास झालेलं ना? आपण नापास मुलाचं लग्न लावून मोकळे झालो.

---

चौकस

सुपारी +१. आणि त्या t = २.६ वर भरवसा किती ठेवायचा? कोइंटिग्रेशन नसेल तर `z1` स्टेशनरी नाही, मग साधी t-सारणीही नको.

---

ध्रुवपद

बरोबर पकडलंत. कोइंटिग्रेशन आहे असं धरलं तर २.६ नेहमीसारखा वाचता येतो. त्याच २.६ वरून कोइंटिग्रेशन सिद्ध करायला गेलात तर तक्ता पुन्हा वेगळा. एकाच आकड्याकडून दोन्ही कामं करून घेता येत नाहीत.

पण एक वाट आहे. उतार अंदाजायचाच कशाला? दीर्घकाळात उपभोग उत्पन्नाच्या ठरावीक प्रमाणात राहतो असं सिद्धांत सांगत असेल, तर लॉगमध्ये उतार १. मग तफावत म्हणजे सरळ `c - y`, त्यात ओएलएसने काही सजवलेलं नाही. तिच्यावर साधी एडीएफ आणि -२.८९ चा साधा तक्ता चालतो. @चौकस, तुमचा तक्ता इथे कामाचा.

---

रेघोट्या

`c - y` ची एडीएफ -२.४१. नापास. आलेख काढला तर साधारण ७० व्या तिमाहीपर्यंत गुणोत्तर एका पातळीभोवती फिरतं आणि नंतर थोड्या वरच्या पातळीभोवती.

---

मंदाकिनी_त

मग मला वाटतं नातं आहे, पण बचतीची पातळी मध्येच बदलली. कर्ज मिळणं सोपं झालं, पेन्शनची व्यवस्था बदलली, लोकसंख्येचं वय बदललं, यातल्या कशानेही असं होतं. अमेरिकेचे आकडे बघा. `statsmodels` बरोबर येणाऱ्या `macrodata` मध्ये १९५९ ची पहिली तिमाही ते २००९ ची तिसरी अशी २०३ निरीक्षणं आहेत. `realcons` भागिले `realdpi` पहिल्या तिमाहीत १७०७.४/१८८६.९, म्हणजे ०.९०५, आणि शेवटच्या तिमाहीत ९२५६.०/१००४०.६, म्हणजे ०.९२२. टोकं जवळजवळ, पण मधला आलेख काढा, त्यात दशकभर टिकणारे चढउतार दिसतील. एका स्थिर पातळीभोवती फिरणारी मालिका ती नव्हे.

पातळी एकदा सरकू द्यायची असेल तर ग्रेगरी-हॅन्सन यांची १९९६ ची कसोटी आहे, ती सरकण्याची तारीख स्वतः शोधते.

---

ध्रुवपद

आणि शोधते म्हणूनच तिचा तक्ता आणखी कडक. दोन मालिका, पातळीत एक बदल, ५ टक्क्यांना -४.६१. -३.१२ वरून तिथवर पोचायला बदल खरोखर ठसठशीत हवा. आलेख बघून ७० वी तिमाही आपणच निवडायची आणि डमी टाकून जुना तक्ता लावायचा, असं करू नका, ती सजावटच झाली.

माझं मत वेगळं आहे, मंदाकिनीताई. नापास झालं की मध्ये बदल टाकायचा, तरी नापास झालं की दुसरा टाकायचा, असं करत गेलं तर कुठल्याही दोन मालिका जुळतील. मी आधी संपत्ती बघेन. उपभोग फक्त उत्पन्नावर ठरत नाही, घर आणि शेअरची किंमत वाढली की बचतीचं प्रमाण घसरतं. तिसरी मालिका राहून गेली असेल तर दोघांमध्ये तफावत टिकून राहणारच. अर्थात तिसरी घेतली की एंगल-ग्रेंजरची मर्यादाही खाली जाते, -३.७४ च्या आसपास.

---

मंदाकिनी_त

संपत्तीचे तिमाही आकडे रेघोट्यांच्या डेटात नाहीत. जे नाही त्याची वाट बघत बसायचं का? आणि १२० तिमाह्या म्हणजे ३० वर्षं. चार तिमाह्यांत अर्धी होणारी तफावत त्यात असली तरी या कसोट्या ती बऱ्याचदा पकडत नाहीत. नापास म्हणजे 'नाही' असं नव्हे.

---

पाखरू

मग मासिक आकडे घ्या ना, ३६० निरीक्षणं होतील!

---

चौकस

त्याने फारसं काही मिळत नाही. तफावत पडून मिटण्याच्या फेऱ्या किती झाल्या ते महत्त्वाचं, आणि ३० वर्षांत त्या तेवढ्याच. महिन्याने मोजा नाहीतर तिमाहीने.

---

रेघोट्या

म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर: पातळ्या परत आणायच्या त्या कोइंटिग्रेशन मिळालं तरच. मला ते धड मिळालेलं नाही आणि धड फेटाळलंही गेलेलं नाही. अहवालात काय लिहू?

---

ध्रुवपद

दोन्ही मॉडेलं चालवा, फक्त फरकांचं आणि `VECM`. शेवटच्या २० तिमाह्या झाकून ठेवा, दोन्हींचं भाकीत काढा. तुमच्या -३.१२ च्या दोन्ही बाजूंच्या मर्यादा, -३.०८ आणि -३.३९, अहवालात द्या, नुसतं 'कोइंटिग्रेशन आढळले' लिहू नका.

---

मंदाकिनी_त

आणि झाकलेल्या २० तिमाह्यांत ती वरची पातळी सगळीच गेली नाही ना, ते बघा. ७० नंतरच्या ५० आहेत, त्यातल्या ३० तरी अंदाजाला उरतात. तेवढ्यावर नवी पातळी मॉडेलला उमगेल का, मला शंका आहे.

---

रेघोट्या

उद्या चालवून इथेच आकडे टाकतो. फरकांच्या मॉडेलमध्ये किती लॅग ठेवू, `VECM` इतकेच की एक जास्त?

---

चौकस

पातळ्यांच्या व्हेक्टर ऑटोरिग्रेशनमध्ये p लॅग असतील तर `VECM` मध्ये फरकांचे p-१. दोन्ही मॉडेलांत तेवढेच ठेवा. मग दोघांत फक्त `z1` एवढाच फरक उरेल.